महागाई १४ टक्के की ७ टक्के? बेळगुंदीच्या किराणा यादीतून निर्देशांकाचा हिशेब

बेळगुंदी : महागाई वाढली हे सांगायला कुणाला गणित लागत नाही. पण किती वाढली, हे विचारलं की गाडी अडते. एकाच घराची, त्याच चार वस्तूंची, त्याच दोन वर्षांतली महागाई एका हिशेबाने १४ टक्के निघते आणि दुसऱ्या हिशेबाने ७ टक्के. दोन्हीत आकडेमोडीची चूक नसते. फरक असतो तो एवढाच की, बाजारभावाला वजन कुठल्या वर्षाच्या खरेदीचं द्यायचं : जुन्या की चालू.

महाराष्ट्रात बारावीच्या अर्थशास्त्रात आणि कर्नाटकात पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्रात हा धडा आहे. लास्पेअरची पद्धत आणि पाशेची पद्धत या नावाने मुलं तो पाठ करतात, परीक्षेत कोष्टक मांडतात आणि विसरतात. पण निपाणीच्या विडी कामगार महिलेचा महागाई भत्ता असो की कारखान्यातला वेतन करार, जिथे जिथे पगार ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेला आहे, तिथे हाच धडा पगाराच्या चिठ्ठीवर उतरतो. म्हणून तो एकदा घरच्या यादीवरून समजून घेतलेला बरा.

एक घर, चार वस्तू

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात भात, बटाटा, रताळी पिकतात. तरीही प्रत्येक घराला शेत नसतं, आणि असलं तरी डाळ-तेल दुकानातूनच येतं. समजा, बेळगुंदीतलं असं एक घर आहे, जे तांदूळसुद्धा विकत घेतं. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. मात्र त्यांची दिशा खरी आहे : २०२२ मध्ये गोडेतेल कडाडलेलं होतं आणि नंतर उतरलं, तर तूरडाळ २०२३ आणि २०२४ मध्ये भलतीच चढली.

२०२२ हे मूळ वर्ष आणि २०२४ हे चालू वर्ष धरू. महिन्याचा बाजार असा :

| वस्तू | २०२२ चा दर | २०२२ ची खरेदी | २०२४ चा दर | २०२४ ची खरेदी |
|---|---|---|---|---|
| तांदूळ | ४० रु. किलो | ३० किलो | ५० रु. किलो | २८ किलो |
| तूरडाळ | ११० रु. किलो | ४ किलो | १६५ रु. किलो | २ किलो |
| मसूरडाळ | ९० रु. किलो | १ किलो | ९६ रु. किलो | ३ किलो |
| गोडेतेल | १८० रु. लिटर | ४ लिटर | १३५ रु. लिटर | ५ लिटर |

यादी नीट बघितली तर त्या घराने काय केलं ते दिसतं. तूर महागली तशी ती निम्म्यावर आणली आणि आमटी मसुरीवर भागवली. तेल स्वस्त झालं तसं एक लिटर जास्त आणलं. तांदळात फारशी काटकसर करता आली नाही, दोन किलो तेवढे कमी झाले.

आता सगळ्यात सोपी वाटणारी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक आधी बाजूला काढू. २०२२ चं बिल २,४५० रुपये होतं आणि २०२४ चं बिल २,६९३ रुपये झालं. म्हणजे बिल ९.९ टक्के वाढलं. 'महागाई ९.९ टक्के' असं म्हणावंसं वाटतं, पण तसं म्हणता येत नाही. बिलात दोन गोष्टी मिसळल्या आहेत : दर बदलले आणि खरेदीही बदलली. उद्या एकाही वस्तूचा दर बदलला नाही, पण घरात पाहुणे आले आणि तांदूळ दुप्पट लागला, तरी बिल वाढेल. त्याला महागाई म्हणत नाहीत. दराचा परिणाम वेगळा काढायचा तर खरेदी दोन्ही वर्षांत एकच धरायला हवी. प्रश्न एवढाच की कुठली?

जुनी पिशवी धरली तर

पहिला मार्ग असा : २०२२ ची पिशवी तशीच ठेवायची आणि विचारायचं, तीच पिशवी २०२४ मध्ये भरायला किती लागले असते?

तांदूळ ३० किलो, आता ५० रुपयांनी, १,५०० रुपये. तूर ४ किलो, १६५ ने, ६६० रुपये. मसूर १ किलो, ९६ रुपये. तेल ४ लिटर, १३५ ने, ५४० रुपये. एकूण २,७९६ रुपये. हीच पिशवी २०२२ मध्ये २,४५० रुपयांत भरली होती. २,७९६ ला २,४५० ने भागून १०० ने गुणलं की ११४.१ येतात. म्हणजे महागाई १४.१ टक्के.

ही पद्धत जर्मन अर्थशास्त्रज्ञ एतिएन लास्पेअर यांनी १८७१ मध्ये मांडली, म्हणून तो लास्पेअरचा निर्देशांक. यात खरेदी मूळ वर्षाची, दोन्ही बाजूंना तीच. बदलतो तो फक्त दर.

चालू पिशवी धरली तर

दुसरा मार्ग उलटा आहे. आज घरात जी पिशवी येते ती धरायची आणि विचारायचं, हीच पिशवी २०२२ च्या दराने कितीला पडली असती?

आजच्या दराने ती २,६९३ रुपयांची आहे. जुन्या दराने : तांदूळ २८ किलो, ४० ने, १,१२० रुपये. तूर २ किलो, ११० ने, २२० रुपये. मसूर ३ किलो, ९० ने, २७० रुपये. तेल ५ लिटर, १८० ने, ९०० रुपये. एकूण २,५१० रुपये. २,६९३ ला २,५१० ने भागून १०० ने गुणलं की १०७.३ येतात. म्हणजे महागाई ७.३ टक्के.

ही पद्धत हर्मान पाशे यांची, १८७४ ची. तेही जर्मन. दोन्ही सूत्रं शेजारी ठेवली तर फरक एका अक्षराचा दिसतो. p म्हणजे दर, q म्हणजे खरेदी, ० म्हणजे मूळ वर्ष, १ म्हणजे चालू वर्ष :

```
L = Σ(p1 × q0) ÷ Σ(p0 × q0) × 100
P = Σ(p1 × q1) ÷ Σ(p0 × q1) × 100
```

कोष्टक मांडताना चूक झाली की नाही हे ओळखायची खूण याच सूत्रात आहे. रेषेच्या वर आणि खाली q एकच असला पाहिजे. परीक्षेत हमखास होणारी चूक म्हणजे वर q1 आणि खाली q0 घेणं. तसं केलं की उत्तर १०९.९ येतं, म्हणजे मघाचं बिलच परत आलं. आणखी एक पडताळा : सगळे दर जसेच्या तसे ठेवून हिशेब करून बघायचा. उत्तर नेमकं १०० आलं तर सूत्र बरोबर बसलं. १०० सोडून काहीही आलं तर खरेदी मध्ये घुसली आहे.

मग खरं कुठलं?

१४.१ आणि ७.३ मध्ये जवळपास दुपटीचा फरक आहे. तो कुठून आला? तूर आणि तेल या दोन वस्तूंनी तो आणला. लास्पेअरच्या हिशेबात ते घर अजून चार किलो तूर खातंय आणि तेल मात्र चारच लिटर वापरतंय. म्हणजे जे महागलं त्याचं ओझं पूर्ण धरलं आणि जे स्वस्त झालं त्याचा वाढलेला फायदा सोडला. पाशेच्या हिशेबात उलट झालं. तूर निम्मी धरली, त्यामुळे तिची भाववाढ निम्मीच टोचली, आणि तेल पाच लिटर धरलं, त्यामुळे स्वस्ताईला जास्त वजन मिळालं.

माणूस बाजारात महाग वस्तूपासून स्वस्त वस्तूकडे सरकतो. जोवर तो तसा सरकतो तोवर लास्पेअरचा आकडा वर राहतो आणि पाशेचा खाली.

मात्र पाशेचा कमी आकडा म्हणजे घराला खरंच तेवढाच चटका बसला, असं नाही. तुरीची आमटी सोडून मसुरीची खावी लागली, हे काही कुणी हौसेने केलेलं नाही. पाशेचा हिशेब आजच्या पिशवीपासून सुरू होतो. त्यामुळे ही तडजोड त्याला दिसतच नाही. त्याच्या लेखी हे घर आधीपासूनच दोन किलो तूर खाणारं होतं. उलट लास्पेअर असं धरून चालतो की घर अजिबात सरकलंच नाही, आणि तेही खरं नाही. घराला बसलेला चटका या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो.

अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घेण्याची शिफारस केली. या यादीसाठी तो आकडा ११०.७ येतो. फिशरनी त्याला आदर्श निर्देशांक म्हटलं. तो मध्यावर बसतो हे खरं, पण तो काढायला आधी लास्पेअर आणि पाशे दोन्ही काढावे लागतात, म्हणजे चालू वर्षाची खरेदी हाताशी लागतेच.

बसचं तिकीट शून्य झालं तेव्हा

सीमाभागात २०२३ मधला एक बदल असा आहे की ज्याने हा फरक डाळ-तेलापेक्षा कितीतरी ठळक होतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू झाली आणि राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या महिलांचा प्रवास मोफत झाला. त्याआधी महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागू झालं होतं. एका बाजूला दर शून्य, दुसऱ्या बाजूला निम्मा. सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन वेगळे दर, आणि दोन्हीकडे प्रवास वाढला.

वरच्याच यादीत घरातल्या महिलांचा बसप्रवास जोडू. समजा, २०२२ मध्ये बेळगावला जायला एका वेळचे २० रुपये पडत होते आणि महिन्याला २० फेऱ्या होत होत्या. मोफत झाल्यावर फेऱ्या ४० झाल्या : कुणी बाजाराला, कुणी दवाखान्याला, कुणी कामाला.

लास्पेअर : जुन्या पिशवीत बसचे ४०० रुपये मिळवले की खाली २,८५० होतात. वर मात्र बसचे शून्य, म्हणून २,७९६ च राहतात. निर्देशांक ९८.१. पाशे : वर २,६९३, खाली २,५१० मध्ये ४० फेऱ्यांचे ८०० रुपये मिळवून ३,३१०. निर्देशांक ८१.४.

म्हणजे एक हिशेब म्हणतो की या घरासाठी महागाई जवळपास शून्य झाली, थोडी उतरलीच. दुसरा म्हणतो की जगणं १८.६ टक्क्यांनी स्वस्त झालं. फरक आता १७ अंकांच्या आसपास गेला.

इथे दोन्ही पद्धतींची बोच दिसते. लास्पेअर फक्त जुन्या २० फेऱ्यांचे वाचलेले ४०० रुपये मोजतो. नव्याने मिळालेल्या २० फेऱ्यांची किंमत त्याच्या लेखी शून्य आहे. पाशे मात्र प्रत्येक नव्या फेरीचे पूर्ण २० रुपये वाचले असं धरतो. पण ती बाई २० रुपये मोजून त्या फेरीला गेलीच नसती. २०२२ मध्ये ती गेली नव्हती, हाच त्याचा पुरावा. त्या जादा फेरीचं तिच्या लेखी मोल शून्यापेक्षा जास्त आणि २० रुपयांपेक्षा कमी असणार. म्हणून पाशेचा आकडा फायदा फुगवतो, लास्पेअरचा दाबतो.

आता सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातलं एक घर घेऊ. डाळ-तांदूळ-तेलाचे दर आणि खरेदी हुबेहूब तीच धरू. फरक फक्त एसटीचा : तिकीट २० चं १० झालं आणि फेऱ्या २० वरून २८ झाल्या असं समजू. लास्पेअर २,९९६ भागिले २,८५०, म्हणजे १०५.१. पाशे २,९७३ भागिले ३,०७०, म्हणजे ९६.८.

एकाच पद्धतीने दोन्ही घरं मोजली तर तुलना सरळ होते : लास्पेअरने बेळगुंदीत ९८.१, चंदगडात १०५.१. पण कुणी बेळगुंदीचा लास्पेअर आणि चंदगडचा पाशे शेजारी ठेवला, तर ९८.१ विरुद्ध ९६.८ असं दिसेल आणि अर्धं तिकीट असलेला भाग मोफत प्रवासाच्या भागापेक्षा जास्त स्वस्त ठरेल. आकडे दोन्ही बरोबर, निष्कर्ष मात्र साफ उलटा. दोन राज्यांचे आकडे जुळवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की दोन्हीकडे पिशवी कुठल्या वर्षाची आहे.

आणि एक मर्यादा. ही सवलत महिलांनाच आहे. ज्या घरात बसने जाणारा पुरुषच असेल, त्याच्यासाठी वरचा सगळा हिशेब लागू नाही. त्याला पूर्ण तिकीट आहे आणि त्याची महागाई अजून ११४ च्या आसपासच आहे. सरासरी निर्देशांकात ही दोन्ही घरं एकत्र मिसळतात.

सरकार जुनी पिशवीच का धरतं?

औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्रीय कामगार मंत्रालयाचा लेबर ब्युरो काढतो. त्याच्या देशभरातल्या केंद्रांमध्ये बेळगावही आहे. हा निर्देशांक लास्पेअरच्या पद्धतीचा, म्हणजे मूळ वर्षाच्या वजनांचा.

कारण साधं आहे. दर गोळा करणं सोपं, खरेदी गोळा करणं अवघड. ठरलेल्या दुकानात ठरलेल्या दिवशी जाऊन तांदळाचा दर लिहून आणता येतो. पण हजारो घरांनी या महिन्यात किती तूर घेतली हे दर महिन्याला विचारायचं म्हटलं तर माहिती येईपर्यंत वर्ष उलटेल. म्हणून घरखर्चाची मोठी पाहणी एकदा करायची, त्यातून वजनं ठरवायची आणि पुढची वर्षं तीच वापरायची. पाशेचा निर्देशांक दर महिन्याला वेळेवर देणं त्यामुळेच जमत नाही.

पाशेची आणखी एक अडचण आहे. २०२३ चा पाशे २०२३ च्या पिशवीने काढलेला आणि २०२४ चा २०२४ च्या. दोन्हींची तुलना २०२२ शी करता येते, पण एकमेकांशी करायला गेलं की दराबरोबर पिशवीही बदललेली असते. लास्पेअरमध्ये पिशवी स्थिर असते, म्हणून कुठलेही दोन महिने शेजारी ठेवता येतात.

सरकारी आकड्यात किलो-लिटर दिसत नाहीत, 'भार' दिसतो. तो वेगळा प्रकार नाही. वरच्या यादीत २०२२ च्या २,४५० रुपयांपैकी तांदळावर ४९ टक्के, तेलावर २९.४ टक्के, तुरीवर १८ टक्के आणि मसुरीवर ३.७ टक्के खर्च होत होते. हेच भार. तांदळाचा दर १०० चा १२५ झाला, तुरीचा १५०, मसुरीचा १०६.७ आणि तेलाचा ७५. प्रत्येक आकडा आपापल्या भाराने गुणून बेरीज केली की पुन्हा ११४.१ येतात. सूत्र तेच, फक्त किलोऐवजी खर्चाच्या वाट्यातून मांडलेलं.

पिशवी जुनी झाली की

लास्पेअरची खरी अडचण वेळेची आहे. पिशवी जितकी जुनी, तितका आकडा आणि जगणं यांत अंतर. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचं मूळ वर्ष १९८२ होतं, मग २००१ झालं, मग २०१६. म्हणजे एकदा १९ वर्षांचं आणि एकदा १५ वर्षांचं अंतर. २०१६ ची मालिका तर प्रत्यक्षात सप्टेंबर २०२० च्या आकड्यापासून लागू झाली. तोवर कामगाराचा भत्ता २००१ च्या पिशवीवर ठरत होता.

त्या काळात पिशवी किती बदलली, ते भारांवरून कळतं. २००१ च्या मालिकेत अन्न-पेयांचा भार ४६.२० टक्के होता, तो २०१६ मध्ये ३९.१७ वर आला. दवाखाना, शिक्षण, प्रवास, मोबाइल असा किरकोळ खर्चाचा गट २३.२६ वरून ३०.३१ वर गेला. घरभाडं १५.२७ वरून १६.८७ वर. म्हणजे कामगाराच्या घरात किराण्याचा वाटा कमी झाला आणि दवाखान्या-शाळेचा वाढला. पण मालिका बदलेपर्यंत निर्देशांकाच्या लेखी ते घर २००१ सारखंच खर्च करत होतं.

इथे कामगारांच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'लास्पेअर नेहमी महागाई जास्तच दाखवतो, म्हणजे जुनी पिशवी कामगाराच्या फायद्याची' असं सरसकट म्हटलं जातं. ते तेव्हाच खरं, जेव्हा माणूस महाग वस्तू सोडून देऊ शकतो. दवाखाना सोडता येत नाही.

समजा, एका घरात फक्त दोन खर्च धरले. तांदूळ आधीसारखाच : ४० चा ५० रुपये, ३० किलोवरून २८ किलो. आणि डॉक्टरची फी १०० ची १५० झाली, पण घरात वय वाढल्यामुळे महिन्याला एका फेरीऐवजी चार फेऱ्या होऊ लागल्या. लास्पेअर १,६५० भागिले १,३००, म्हणजे १२६.९. पाशे २,००० भागिले १,५२०, म्हणजे १३१.६. इथे पाशे वर गेला. जे महागलं तेच जास्त लागू लागलं, की जुनी पिशवी महागाई कमी दाखवते. तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षं घरबसल्या विड्या वळणाऱ्या निपाणीकडच्या महिलांच्या घरखर्चात दवाखान्याचा वाटा वाढत गेला असेल, तर जुन्या भारांचा निर्देशांक त्यांच्या बाजूने झुकलेला नसतो, उलट बाजूला असतो. कुठल्या बाजूला, हे सूत्र सांगत नाही. ती वस्तू सोडता येते की नाही, यावर ते ठरतं.

मालिका बदलली की आकडा लहान दिसतो

शेवटची एक गोष्ट, कारण पगाराच्या चर्चेत तीवरून हमखास घोळ होतो. मूळ वर्ष बदललं की त्या वर्षाचा निर्देशांक पुन्हा १०० धरला जातो. त्यामुळे नव्या मालिकेचा आकडा जुन्यापेक्षा एकदम लहान दिसतो. महागाई उतरली म्हणून नव्हे, मोजपट्टी नव्याने १०० पासून धरली म्हणून. दोन मालिका जोडण्यासाठी लेबर ब्युरोने २००१ आणि २०१६ यांच्यात २.८८ हा जोड-गुणक दिला आहे. नव्या मालिकेत निर्देशांक १३० असेल तर जुन्या मालिकेत तो १३० गुणिले २.८८, म्हणजे ३७४.४.

ज्या करारात 'प्रत्येक अंकामागे इतके पैसे' अशी अट असते, तिथे हे विसरून चालत नाही. जुन्या मालिकेचे २.८८ अंक म्हणजे नव्याचा एक अंक. अट जुनी आणि आकडा नवा असं झालं तर कामगाराला मिळणारी वाढ जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. करार वाचताना म्हणून तीन गोष्टी एका ओळीत शोधायच्या : मूळ वर्ष कुठलं, केंद्र कुठलं, आणि जुन्या मालिकेचा आकडा असेल तर जोड-गुणक लावला आहे की नाही.

स्वतःच्या घराचा आकडा काढायचा असेल तर दोन वर्षांच्या एकाच महिन्याची बिलं पुरतात. वस्तू तीच आणि प्रतही तीच असली पाहिजे. २०२२ मध्ये साधा तांदूळ आणि २०२४ मध्ये बासमती असेल तर ती दरवाढ नव्हे, ती वेगळी वस्तू. दर आणि खरेदी वेगळ्या रकान्यात लिहायची, मग आधी जुनी पिशवी आणि नंतर नवी पिशवी. दोन उत्तरं जवळजवळ आली तर त्या घराची खरेदी फारशी हललेली नाही आणि कुठलाही आकडा चालेल. दूर गेली तर कुठल्या वस्तूने ती दूर नेली ते रकान्यात सापडतंच. त्या घराने काय सोडलं आणि काय जास्त घेतलं, तेही तिथेच दिसतं.